चेहरा बदललाय की अख्खं डोकं? आधी जोड शोधा

आपल्याकडच्या फोटो स्टुडिओत एक काम वर्षानुवर्षं येत आलंय. घरातलं वयस्कर माणूस जातं, तेराव्याच्या आत तसबीर हवी असते आणि शोधायला गेलं तर घरात धड एकही फोटो नसतो. सापडतो तो जुन्या ओळखपत्रावरचा, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात मागच्या रांगेतला. मग मुलगा काउंटरवर फोटो ठेवून म्हणतो, "दादा, एवढं तोंड काढून कोट-फेट्यावर बसवून द्या." पूर्वी हे काम कात्री, गोंद आणि ब्रशने व्हायचं, नंतर फोटोशॉपमध्ये व्हायला लागलं. आता मोबाईलवरचं फेस स्वॅप अ‍ॅप काही सेकंदांत करून देतं. आणि ते काही सेकंदांतलं चित्र बघून घरातली बाई म्हणते, "दिसायला तसेच आहेत हो, पण हे ते नाहीत."

तिचं बरोबर असतं. तिला नेमकं काय खटकतंय हे तिला सांगता येत नाही इतकंच. अ‍ॅपने चेहरा बदललेला असतो. तिला डोकं हवं होतं.

या दोन गोष्टी लोक सर्रास एकच समजतात. फरक मात्र साधा आहे. चेहरा बदलताना भुवयांच्या जरा वरपासून हनुवटीपर्यंतचा आणि एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंतचा पट्टाच तेवढा बदलतो. डोळे, नाक, ओठ नवे येतात. केस, कपाळाचा वरचा भाग, कान, जबड्याची बाहेरची कड आणि मान मात्र ज्याच्या फोटोवर चेहरा चढवला त्याचीच राहते. डोकं बदलताना हे सगळं एकत्र उचललं जातं आणि जोड येतो मानेवर किंवा कॉलरपाशी. म्हणजे पहिल्या प्रकारात जोड चेहऱ्याच्या आत असतो, दुसऱ्यात चेहऱ्याच्या बाहेर. पुढचं बहुतेक सगळं या एका गोष्टीतून निघतं.

अ‍ॅप आत काय करतं

आजकालची बरीचशी फुकट फेस स्वॅप साधनं एकाच प्रकारच्या मॉडेलवर चालतात. त्यातलं सगळ्यात पसरलेलं म्हणजे `inswapper_128`. नावातला १२८ हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागेल.

हे साधन आधी दोन्ही फोटोंत चेहरा शोधतं आणि पाच खुणा पकडतं: दोन डोळे, नाकाचा शेंडा, ओठांची दोन टोकं. या पाच खुणांवरून चेहरा सरळ करून एका चौकोनात बसवतं. मग ज्याचा चेहरा हवाय त्याच्या फोटोतून ५१२ आकड्यांची एक यादी तयार होते. ही यादी म्हणजे त्या माणसाची ओळख, निदान यंत्रापुरती. शेवटी ही ओळख आणि दुसऱ्या माणसाचा चेहरा एकत्र करून नवा चेहरा रंगवला जातो आणि कडा मऊ करून जागेवर परत चिकटवला जातो.

गंमत आणि गोची दोन्ही त्या ५१२ आकड्यांत आहेत. ती यादी काढणारं मॉडेल मुळात ओळख पटवण्यासाठी शिकवलेलं असतं. दाढी वाढवलेला माणूस आणि दाढी केलेला माणूस एकच, चष्मा घातला काय नि काढला काय तोच, उजेडात काय नि सावलीत काय तोच, असं त्याला हजारो माणसांच्या फोटोंवरून घोटून शिकवलंय. म्हणजे मिशी, चष्मा, केसांची ठेवण, कपाळावरचं कुंकू, या गोष्टींकडे दुर्लक्ष करणं हाच त्याचा अभ्यास. आणि घरच्यांसाठी तर आजोबा म्हणजे ती झुपकेदार मिशी, जाड काड्यांचा चष्मा, बाहेर आलेले कान आणि मागे सरकलेलं टक्कल. जे यंत्राने विसरायचं ठरवलंय तेच घरच्यांनी लक्षात ठेवलेलं असतं. म्हणून "तसेच आहेत पण ते नाहीत".

आता तो १२८. मॉडेल नवा चेहरा रंगवतं तो १२८ गुणिले १२८ पिक्सेलचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीला एवढा पुरतो. भिंतीवर लावायच्या तसबिरीत चेहराच सहा इंच उंच असेल, तर तेवढ्या जागेत १२८ पिक्सेल ताणल्यावर इंचाला एकवीसच पिक्सेल उरतात, म्हणजे नुसता धुरळा. म्हणून अ‍ॅप पाठोपाठ चेहरा 'सुधारणारं' दुसरं मॉडेल चालवतं. ते त्वचा गुळगुळीत करतं, पापण्या रेखीव करतं, दात पांढरे करतं. ही त्वचा आजोबांची नसते, मॉडेलने कल्पनेने भरलेली असते. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या कमी होतात, गालावरची देवीची खूण पुसली जाते. सत्तरीचा माणूस पंचावन्नचा दिसायला लागतो, आणि काही घरांना ते आवडतंही.

एकाच दिग्दर्शकाचे दोन निर्णय

कधी चेहरा आणि कधी डोकं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण हॉलिवूडमधलं आहे. डेव्हिड फिंचर या एकाच दिग्दर्शकाने दोन वर्षांच्या अंतराने दोन्ही रस्ते धरले.

'द क्युरिअस केस ऑफ बेंजामिन बटन' (२००८) मध्ये नायक म्हातारा म्हणून जन्मतो आणि तरुण होत जातो. सुरुवातीच्या भागात अंगाने लहानखुरा, चेहऱ्याने म्हातारा ब्रॅड पिट दाखवायचा होता. शरीरासाठी कमी उंचीचे वेगवेगळे नट घेतले, त्यांच्या डोक्यावर निळी टोपडी चढवली आणि मानेपासून वरचं सगळं काढून तिथे संगणकावर घडवलेलं म्हाताऱ्या पिटचं डोकं बसवलं. चेहऱ्याचा नुसता पट्टा बदलून भागलं नसतं, कारण त्या नटांच्या कवटीचा आकार, कपाळाची रुंदी, कानांची जागा, काहीच पिटशी जुळत नव्हतं. त्या कामाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं.

'द सोशल नेटवर्क' (२०१०) मध्ये जुळे भाऊ आहेत. आर्मी हॅमरने एका भावाचं काम केलं, आणि दुसऱ्या भावाच्या शरीराचं काम जॉश पेन्स या दुसऱ्या नटाने केलं. पेन्सच्या चेहऱ्यावर नंतर हॅमरचा चेहरा चढवला. इथे डोकं बदलायची गरज पडली नाही, कारण पेन्सची निवडच अंगकाठी बघून झाली होती. उंची, खांदे, डोक्याची ठेवण जुळत होती, केस सारखे करता येत होते. चेहऱ्याचा पट्टा तेवढा परका होता.

दोन्ही निर्णयांमागे एकच प्रश्न आहे: चेहऱ्याच्या भोवती जी चौकट उरणार आहे, ती योग्य माणसाची आहे का? चौकट जुळत असेल तर चेहरा पुरतो. नसेल तर चौकटीसकट उचलावं लागतं.

समोर आलेल्या फोटोत ओळखायचं कसं

आपल्याकडे फिरत आलेल्या एखाद्या फोटोवर शंका आली तर बहुतेक जण डोळे आणि ओठ न्याहाळतात. तिथे बघून फारसं काही हाती लागत नाही, कारण साधनाने सगळी मेहनत तिथेच घेतलेली असते. सुरुवात कानापासून करा.

कान हा चेहरा बदलणाऱ्याच्या हद्दीबाहेर राहतो. कानाची पाळी सुटी आहे की गालाला चिकटलेली, वरची कड किती वळलीये, कान डोक्यापासून किती बाहेर आलाय, हे माणसागणिक वेगळं असतं आणि सहज बदलत नाही. त्या व्यक्तीचा खात्रीचा जुना फोटो साधारण त्याच कोनातून घ्या आणि शेजारी ठेवा. चेहरा त्यांचा पण कान दुसऱ्याचे, तर चेहरा चढवलाय. कानही त्यांचेच, केसांची रेषही त्यांचीच, पण मान आणि खांदे अनोळखी, तर डोकं बसवलंय. कान केसांत किंवा पदरात झाकलेले असतील तर कपाळावर केस सुरू होतात ती रेष बघा आणि कानाखालून हनुवटीकडे उतरणारी जबड्याची कड बघा. चेहरा चढवल्यावर तिथे बऱ्याचदा त्वचेचा पोत बदलतो: कपाळावर रंध्रं दिसतात आणि भुवईच्या खाली अचानक सगळं मेणासारखं.

चष्मा ही दुसरी चांगली जागा. चष्म्याची काडी कानापासून निघून फ्रेमपर्यंत येते, म्हणजे बदललेल्या आणि न बदललेल्या भागाची हद्द ओलांडते. चेहरा चढवलेल्या फोटोत ती हद्दीपाशी किंचित तुटते, जाडी बदलते किंवा फ्रेमच गालात विरघळल्यासारखी दिसते. नथीचंही असंच होतं. नथ नाकावर असते पण ओठांवर लोंबते, आणि साधनाला ती दागिना आहे की चेहऱ्याचा भाग आहे हे धड कळत नाही. निम्मी नथ उरते.

डोकं बसवलेलं असेल तर चेहरा निर्दोष असतो, कारण तो खराच फोटो असतो. तिथे मानेकडे आणि केसांच्या कडेकडे वळायचं. केसांभोवती जुन्या पार्श्वभूमीची बारीक फिकट किनार राहिलीये का? हनुवटीची सावली मानेवर ज्या बाजूला पडलीये, त्याच बाजूला कोटाच्या कॉलरची सावली आहे का? चेहऱ्याचा रंग आणि हातांचा रंग एकाच माणसाचा वाटतो का? हात चेहऱ्यापेक्षा थोडे सावळे असतात, ते चालतं. गव्हाळ चेहऱ्याखाली गुलाबी हात असतील तर कोट परदेशी टेम्प्लेटचा आहे, हे समजायला वेळ लागत नाही.

डोक्याचा आकार तर सगळ्यात जास्त फसतो. मोठ्या पुरुषाच्या डोक्याची रुंदी साधारण १५ सेंटीमीटर आणि खांद्यांची साधारण ४५, म्हणजे कान वगळून तीन डोकी शेजारी ठेवली की खांदे भरतात. बायकांचे खांदे थोडे अरुंद. डोकं बसवणाऱ्याला चेहरा मोठा दिसावा असं वाटत असतं, म्हणून खांद्यांत जेमतेम अडीच डोकी मावतात आणि माणूस बाहुल्यासारखा दिसतो. पट्टीने मोजलं तरी कळतं.

व्हिडिओत चेहरा चढवलेला ओळखणं तुलनेने सोपं. माणसाने मान पूर्ण बाजूला वळवली की पाचपैकी एक डोळा आणि ओठाचं एक टोक दिसेनासं होतं, आणि साधनाची पकड सुटते. क्षणभर मूळ चेहरा डोकावतो किंवा गाल लटपटतो. हात तोंडासमोरून नेला तरी तसंच. मात्र हे सगळं मूळ फाईल हाती असेल तर. दहा वेळा फॉरवर्ड होऊन दाबलेल्या फोटोत पोताचा फरक आणि केसांची किनार दोन्ही पुसट होतात. उरतात ती फक्त मापं आणि कान.

आजोबांची तसबीर

आता काम करू. समजा, आजोबांचा एकच बरा फोटो आहे: ओळखपत्रासाठी काढलेला जुना रंगीत प्रिंट, ३५ बाय ४५ मिलिमीटर. काळाने लालसर पडलाय. जुन्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग अंधारात ठेवूनही आधी उडतो, त्यामुळे चेहरे तांबूस दिसतात. आजोबा किंचित डावीकडे वळलेत, उजेड त्यांच्या उजव्या गालावर आहे, चष्मा आहे, मिशी आहे, अंगात मळकट बुशशर्ट. घरच्यांना कोट आणि टाय हवाय.

इथे डोकंच बदलायचं, हा निर्णय पहिल्या मिनिटात होतो. चष्मा, मिशी, टक्कल, कान, सगळं जपायचंय आणि प्रिंट मोठा काढायचाय. चेहरा चढवला तर यातलं निम्मं जाणार.

प्रिंट ६०० डीपीआयवर स्कॅन केला की साधारण ८२७ गुणिले १०६३ पिक्सेल मिळतात. त्यात टाळूपासून हनुवटीपर्यंत डोकं ३० मिलिमीटर असेल तर ते जवळजवळ ७०० पिक्सेल उंच. याहून जास्त डीपीआयवर स्कॅन करून अशा प्रिंटमधून नवं काही मिळत नाही, कागदाचा दाणा तेवढा मोठा होतो. तसबिरीत डोकं सहा इंच ठेवलं तर इंचाला साधारण ११५ पिक्सेल पडतात. कमी आहेत, पण भिंतीवर पाच-सहा फुटांवरून बघायचंय, त्यामुळे चालतं. साडेचार इंच ठेवलं तर इंचाला १५५ पडतात आणि काम छान दिसतं. मी नेहमी डोकं थोडं लहान ठेवून खाली छातीपर्यंत कोट दाखवायला सांगतो. घरच्यांना आधी पटत नाही, फ्रेम झाल्यावर पटतं.

आता शरीर आणायचं कुठून? इंटरनेटवरचं कोटाचं तयार टेम्प्लेट घेणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा रस्ता. ते टेम्प्लेट बहुधा समोरून, दोन बाजूंच्या सपाट स्टुडिओ दिव्यांत काढलेलं असतं. आजोबा वळलेले आणि उजेड एका बाजूने. डोकं कापलेलं सपाट चित्र असतं, ते फिरवून समोर करता येत नाही. म्हणून डोक्याप्रमाणे शरीर शोधायचं, शरीराप्रमाणे डोकं वाकवायचं नाही.

त्यापेक्षा घरातला मुलगा किंवा नातू बसवा. अंगकाठी बऱ्याचदा सारखी असते, कातडीचा रंग जवळचा असतो आणि कोट घरातलाच असतो. त्याला खिडकीशी असं बसवायचं की उजेड त्याच्या उजव्या गालावर येईल. आजोबा जितके वळलेत तितकं धड वळवायचं, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, अंतर निदान दोन मीटर. अंतराचं महत्त्व लोकांना वाटतं त्याहून मोठं आहे. जवळून काढलेल्या फोटोत पुढचं मोठं आणि मागचं लहान होतं. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडलेल्या गणितानुसार बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत पुरुषाचं नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा ३० टक्के रुंद दिसतं. सेल्फीतलं डोकं लांबून काढलेल्या शरीरावर बसतच नाही, कितीही लहानमोठं करा. ओळखपत्राचा फोटो लांबून काढलेला असतो, म्हणून शरीरही लांबूनच काढायचं. शेवटी नातवाला उठवून त्याच जागेचा रिकाम्या भिंतीचा एक फोटो घ्यायचा. त्याचं डोकं काढल्यावर मागे काय होतं ते भरायला हाच फोटो लागतो.

कोन उलटा निघाला तर आरशासारखं पालटायचा मोह होतो. डोकं कधीच पालटू नका: भांग उलटा होतो, गालावरचा तीळ दुसरीकडे जातो, आणि बायकोला ते लगेच कळतं. शरीर पालटायचं असेल तर कपडे तपासा. पुरुषाचा खिसा छातीच्या डाव्या बाजूला असतो, तो उजवीकडे जाईल. आजींच्या तसबिरीत तर साडी पालटली की पदर उजव्या खांद्यावर जातो आणि कोल्हापूरच्या आजी गुजराती दिसायला लागतात. असं काम प्रत्यक्ष भिंतीवर लागलेलं मी पाहिलंय.

जोड कुठे आणायचा? कॉलरच्या आत. आजोबांचं डोकं मानेसकट कापायचं, बुशशर्टाच्या गळ्यापर्यंत जेवढी मान दिसते तेवढी सगळी घ्यायची आणि ती नातवाच्या कॉलरच्या थराखाली सरकवायची. म्हणजे त्वचेचा त्वचेशी जोडच उरत नाही, त्वचा आणि कापड एवढीच हद्द राहते आणि ती खऱ्या आयुष्यातही असतेच. इथे एक अडचण हमखास येते. म्हाताऱ्या माणसाची मान बारीक, नातवाची भरदार, त्यामुळे कॉलर मोकळी पडते. कॉलर दोन्ही बाजूंनी थोडी आत ओढून घ्या, पण पूर्ण आवळू नका. म्हातारपणी कॉलर थोडी सैलच दिसते. तिथे आत गडद सावली भरली की खरं वाटतं.

केसांच्या कडा फोटोशॉपच्या `Select and Mask` मध्ये काढायच्या. टक्कल असल्यावर काम हलकं होतं. कानांवरच्या पांढऱ्या केसांपाशी तेवढा वेळ द्यायचा. जुनी पार्श्वभूमी निळी असेल तर पांढऱ्या केसांत निळी झाक उतरलेली असते. तिचा रंग काढला नाही तर करड्या भिंतीवर आजोबांना निळे कल्ले फुटतात.

रंग जुळवताना आधी आजोबांचा तांबूसपणा `Curves` मध्ये लाल कमी करून काढायचा, मगच हाताशी तुलना करायची. उलटं केलंत तर लालसर चेहऱ्याला जुळवायला हात लालसर होतात आणि पांढरा शर्ट गुलाबी. पांढरा शर्ट आणि डोळ्यांचा पांढरा भाग, या दोन जागा खऱ्या मापदंडाच्या. दोन्हीकडे पांढरं सारखं दिसलं की त्वचा बरीचशी आपोआप जुळते.

आणि आता ती गोष्ट जी नव्याने शिकणारे नेहमी उलटी करतात. आजोबांचं डोकं जुन्या प्रिंटमधलं, थोडं मऊ आणि दाणेदार. नातवाचा कोट नव्या कॅमेऱ्यातला, धागा न् धागा दिसणारा. शेजारी ठेवल्यावर फरक ओरडून सांगतो. लोक डोकं धारदार करायला जातात, आणि तिथे परत तेच 'सुधारणारं' मॉडेल येऊन आजोबांची त्वचा बदलून टाकतं. डोकं आहे तसं ठेवा. कोट थोडा मऊ करा आणि डोक्यावर जेवढा दाणा आहे तेवढाच कोटावर आणि भिंतीवर चढवा. सगळं चित्र एकाच जुन्या कॅमेऱ्यातलं वाटायला हवं. शेवटी हनुवटीची सावली कॉलरवर आणि टायच्या गाठीवर थोडी उतरवा. ती नसेल तर डोकं कोटावर तरंगत राहतं.

तपासायला चित्र लहान करून बघा, अगदी अंगठ्याएवढं. मोठ्या चित्रात डोळा तपशिलात अडकतो. लहान चित्रात डोकं मोठं झालंय का, उजेड उलटा आहे का, मान लांब झालीये का, हे लगेच दिसतं.

चेहराच बदललेला बरा, ते कधी

एवढं वाचून डोकं बदलणं नेहमीच श्रेष्ठ असं वाटेल. तसं नाही. लग्नात एका पाठोपाठ काढलेले पाच-सहा फोटो असतात आणि सगळ्यात चांगल्या फोटोत नेमके मामींचे डोळे मिटलेले असतात. दुसऱ्या फोटोत मामींचे डोळे उघडे आहेत. कॅमेरा तोच, उजेड तोच, माणूस तोच. मामी हलल्या नसतील तर डोळ्यांचा नाहीतर चेहऱ्याचा पट्टाच घ्या, चौकट त्यांचीच आहे. केस मोकळे सोडलेले असतील, मागे झेंडूच्या माळा असतील, डोक्यावर अक्षता उडत असतील, तर डोक्याची कड कापणं म्हणजे शिक्षा आहे आणि चेहऱ्याच्या आतला जोड कितीतरी सोपा. पण दोन फोटोंच्या मध्ये मामींनी मान वळवली असेल तर चेहऱ्याचा पट्टा टिकत नाही. नाक एकीकडे आणि कान दुसरीकडे बघतो. मग डोकं खांद्याच्या थोड्या भागासकट, मागच्या पार्श्वभूमीच्या तुकड्यासह उचलायचं. तिपाईवरून काढलेले फोटो असतील तर पार्श्वभूमी तंतोतंत जुळते आणि केस कापावे लागतच नाहीत. हातात कॅमेरा धरून काढले असतील तर दोन्ही फोटो आधी एकमेकांवर नीट बसवून घ्यावे लागतात.

डोक्यावर पदर असलेल्या आजींच्या फोटोतही मी डोकं हलवत नाही. पदर डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून अंगावर एकसंध जातो. तो मानेपाशी कापला की घड्या जुळत नाहीत. तिथे आजींचे जुने खांदे तसेच ठेवून, पाहिजे तर नुसता साडीचा रंग उजळून घ्यावा.

हाच तिसरा रस्ता आजोबांसाठीही असतो, आणि बरेच जण तो विसरतात. जुन्या फोटोत खांदे बरे दिसत असतील तर डोकं, मान आणि खांदे सगळं आजोबांचंच ठेवायचं आणि त्यावर फक्त कोट चढवायचा. खांद्यांचा उतार हीसुद्धा माणसाची ओळख असते. कुणाचा एक खांदा खाली असतो, कुणी पोक काढून बसतं. कोटाची बाही आणि कॉलर त्या उताराप्रमाणे वाकवायला वेळ जातो, पण मानेचा प्रश्नच उरत नाही.

जिवंत माणसांचं असं काम करताना त्यांना विचारून करावं. आणि पासपोर्टसाठी यातलं काहीच करू नये: तिथे संगणकावर बदललेला फोटो चालत नाही, मग चेहरा बदललेला असो, डोकं असो की नुसता कोट. कोट घालूनच फोटो काढायचा असेल तर स्टुडिओत खुंटीला एक टांगलेला असतो, तो अंगावर चढवावा.